मधुमेहाच्या व्हिडिओत '86 टक्के' लिहायचं का? पडद्यावरच्या ओळींसाठी मदत हवी

रविवार_कारंजा

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहिते. आतापर्यंत हॉटेलं, क्लासेस, द्राक्षबागायतदार यांचंच काम केलं. आरोग्याचं काम पहिल्यांदा आलंय. गंगापूर रोडवरच्या एका आहार सल्लागार बाईंचा चॅनल आहे. नऊ मिनिटांचा एक व्हिडिओ आणि त्यातून कापलेल्या तीन रील असा हिशोब ठरलाय. विषय आहे टाइप 2 मधुमेह आणि कमी उष्मांकाचा आहार.

बाईंनी मुद्दे लिहून दिले, त्यातल्या पहिल्या वीस सेकंदांच्या ओळी अशा:

"डायबेटिस बरा होतो! संशोधनाने सिद्ध झालंय. फक्त तीन महिने, आणि 86 टक्के लोकांच्या गोळ्या कायमच्या सुटल्या."

मी विचारलं की हा आकडा कुठला. त्यांनी दुसऱ्या एका यूट्यूब व्हिडिओची लिंक पाठवली. शेवटी दोन सेकंद "हा व्हिडिओ फक्त माहितीसाठी आहे, वैद्यकीय सल्ला नाही" अशी पाटी टाकू, सगळे तेच करतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनाला ते पटत नाही, पण त्याऐवजी नेमकं काय लिहायचं हेही कळत नाही. पाटी मोठी करू? सुरुवातीला टाकू? शब्द बदलू? माझ्या सासऱ्यांना साखर आहे आणि ते दिवसभर असेच व्हिडिओ बघतात, त्यामुळे हे काम मला हलक्यात घेता येत नाहीये.

सिडकोकर

ताई, पाटी शेवटी नको, सुरुवातीलाच टाका, मोठ्या अक्षरात, पाच सेकंद. पांढरी अक्षरं, काळी पार्श्वभूमी. आणि 'बरा होतो' च्या जागी 'बरा होऊ शकतो' करा. एवढं केलं की तुमच्यावर काही येत नाही. माझ्या मेव्हण्याच्या चॅनलला आम्ही असंच केलं होतं.

फंडमित्र_नाशिक

मी म्युच्युअल फंड वितरक आहे. आमच्याकडे हा प्रश्न कधीच सुटलाय. ठरलेली चौदा शब्दांची इंग्रजी ओळ असते, ती पडद्यावर दिसली पाहिजे आणि आवाजातही स्पष्ट ऐकू आली पाहिजे, निदान पाच सेकंद तरी. पूर्वी जाहिरातींत ती इतक्या घाईने म्हणायचे की काही कळायचंच नाही, म्हणून सेबीने हे घालून दिलं. तुमच्या बाईंच्या योजनेत किती परतावा दाखवलाय, त्यावर बाकीचं अवलंबून. स्क्रिप्ट टाका, बघून सांगतो.

रविवार_कारंजा

दादा, परतावा नाही हो, मधुमेहाचा व्हिडिओ आहे. 86 टक्के लोकांच्या गोळ्या सुटल्या, असा दावा आहे.

फंडमित्र_नाशिक

माफ करा, '86 टक्के' वाचलं आणि डोक्यात फंडच आला. वाचत राहतो.

मूळकागद

मी बारा वर्षं औषधांसंबंधीचं लेखन तपासायचं काम केलं. या प्रश्नात पाटी सगळ्यात शेवटी येते, आधी आकडा बघू या. तो कुठून आला असणार हे मला ओळखू येतंय, कारण त्याच अभ्यासातले आकडे वेगवेगळ्या रूपांत फिरत असतात.

ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला आणि 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे पहिल्या वर्षाचे निकाल आले. स्कॉटलंड आणि टाइनसाइड भागातले टाइप 2 मधुमेहाचे रुग्ण होते. निम्म्यांना, म्हणजे 149 जणांना, तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 825 ते 853 किलोकॅलरी एवढाच पातळ आहार दिला. सूप आणि शेकची तयार पाकिटं होती ती. नंतर हळूहळू नेहमीचं जेवण सुरू केलं आणि वर्षभर पाठपुरावा ठेवला. दुसऱ्या 149 जणांवर नेहमीचे उपचार चालू होते.

वर्षाअखेर आहारवाल्या गटात 149 पैकी 68 जणांची साखर मधुमेहाच्या पातळीखाली होती, तीही मधुमेहाच्या गोळ्यांशिवाय. म्हणजे 46 टक्के. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात 149 पैकी 6 जण, 4 टक्के.

मग 86 कुठून आले? आहारवाल्या 149 पैकी 36 जणांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं. त्या 36 पैकी 31 जणांना हा फायदा झाला. 31 भागिले 36 म्हणजे 86 टक्के. आकडा खरा आहे, पण तो 36 जणांचा आहे. आहार तर 149 जणांनी सुरू केला होता. तुमच्या सासऱ्यांनी उद्या हा आहार सुरू केला, तर ते त्या 36 मध्ये बसतील की उरलेल्या 113 मध्ये, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. त्या 113 मध्ये हा फायदा 37 जणांना झाला. म्हणून ऐकणाऱ्याला उपयोगाचा आकडा 46 आहे.

'तीन महिने' हेही तसंच. तीन ते पाच महिने आहाराचे, पण मोजणी झाली बारा महिन्यांनी. आणि 'कायमच्या' हा शब्द तर अभ्यासात नाहीच. दुसऱ्या वर्षाअखेर तोच आकडा 149 पैकी 53, म्हणजे 36 टक्क्यांवर आला होता.

सिडकोकर, तुमची पाटी मोठी करायची सूचना चांगली आहे, पण 'शकतो' लावल्याने 86 चे 46 होत नाहीत. ऐकणाऱ्याच्या कानात आकडा राहतो, 'शकतो' विरून जातो.

सिडकोकर

आकड्याचं पटलं. मला वाटलं 86 बरोबरच असेल. पण मग सुरुवातीला मोठी पाटी असली तरी चालणार नाही का? माणसाला आधीच सावध केलं ना आपण.

मूळकागद

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हे सरळ लिहिलंय. डिस्क्लेमर दाव्याचा खुलासा करू शकतो, त्याला मर्यादा घालू शकतो. पण दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही, आणि मुळात दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करू शकत नाही. तोंडाने "बरा होतो" म्हणायचं आणि पाटीवर "हा सल्ला नाही" लिहायचं, हे तिथेच अडतं. शिवाय दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमर त्याच भाषेत हवा. दावा आवाजात असेल तर पाटी त्या वाक्याबरोबरच दिसली पाहिजे. मराठी व्हिडिओखाली बारीक इंग्रजी ओळ टाकतात ना, ती याच ठिकाणी नापास होते.

फंडमित्र_नाशिक

आता मला खरा मुद्दा कळला, आणि आमच्या धंद्यात हेच रोज घडतं. "दरमहा 5000 भरा, वीस वर्षांत 50 लाख" असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. हा हिशोब 12 टक्के धरून येतो. 8 टक्के धरले तर तेच पैसे साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. भरलेले पैसे दोन्हीकडे बारा लाखच. खाली चौदा शब्दांची ओळ अगदी नियमात पाच सेकंद वाचली जाते, पण गिऱ्हाईक ऑफिसात येतं ते 50 लाख धरूनच. मी ग्राहकांसमोर आता दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहितो. पाच सेकंदांची ओळ पुरेशी आहे असं मी वर म्हणालो, ते मागे घेतो.

शब्दपारखी

मला 'बरा होतो' वर बोलायचंय. मूळ इंग्रजीत रेमिशन हा शब्द आहे. मराठीत त्याचं काय करायचं? कुणी 'मधुमेहमुक्ती' म्हणतं, कुणी 'मधुमेह उलटवा' म्हणतं. मुक्ती म्हटलं की पुन्हा फेरा नाही, असा अर्थ आपल्या भाषेत रुजलेला आहे. 'उलटवा' तर मराठीच वाटत नाही. 'उतार पडला' हे तापाला शोभतं, आणि निदान त्यातून पुन्हा चढू शकतो हे कळतं. मी असते तर 'उतार' वापरला असता.

मूळकागद

'उतार' मला आवडला, पण साखरेच्या बाबतीत 'साखर उतरली' म्हणजे आजची साखर कमी आली असाच अर्थ लोक घेतील. 2021 मध्ये मधुमेहाच्या अमेरिकन आणि युरोपीय संघटनांच्या तज्ज्ञांनी मिळून रेमिशनची व्याख्या ठरवली: साखर कमी करणारी औषधं थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, 6.5 टक्क्यांच्या खाली. मी एका शब्दाचा हट्ट सोडून देते आणि अर्थच लिहिते: "साखर गोळ्यांशिवाय मर्यादेत राहिली". चार शब्द गेले तरी चालतील.

शब्दपारखी

चार शब्द रीलमध्ये खूप होतात, असं आपला एडिटर टाइमलाइन येऊन सांगेल बघा. आणि सगळ्यांनी असं टाळत राहिलं तर मराठीला तो शब्द मिळणार कधी?

देवळालीचा_सुनील

तुमच्या चर्चेत मध्ये येतोय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई 67 वर्षांची आहे, पंधरा वर्षांपासून साखर. ग्लिमेपिराइडची गोळी चालू. मागच्या वर्षी तिने एक रील पाहिली, दुधी आणि मुगाच्या सूपवर राहायचं, साखर पळून जाते. त्या रीलखाली पाटी होती. मी स्वतः वाचलीय: "गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका." आई शिस्तीची. तिने गोळी एकदाही चुकवली नाही. फक्त जेवण बंद केलं, दोन वेळा सूप.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला बाबांनी हाक मारली. आई पलंगावर बसलेली, गाउन घामाने भिजलेला, हात थरथरत होते. मी "आई, काय होतंय" विचारलं तर माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघत होती. शेजारच्या काकांकडे मशीन होतं. साखर 48. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, थोडी शुद्धीवर आली, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच घरी सोडलं नाही. म्हणाले, या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, साखर वर आली तरी पुन्हा खाली जाऊ शकते. पूर्ण दिवस-रात्र ठेवून घेतलं.

माझा राग कुणावर काढावा हे मला अजून कळत नाही. पाटी होती. आईने पाटी पाळली. पाटी पाळली म्हणूनच ते झालं.

मूळकागद

सुनील, आई आता बऱ्या आहेत ना? तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

'गोळ्या स्वतःहून बंद करू नका' ही ओळ सगळेजण सवयीने चिकटवतात, कारण ती सुरक्षित वाटते. पण हा व्हिडिओ माणसाला खाणं अर्ध्याहून कमी करायला सांगतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते, पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिन टोचणाऱ्याचंही तेच. त्यामुळे खाणं कमी आणि औषध तेवढंच, हा धोका याच व्हिडिओतून जन्मतो. डायरेक्ट अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या, रक्तदाबाच्याही, कारण वजन उतरताना रक्तदाबही खाली येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर अभ्यासात घेतलंच नव्हतं.

उलट बाजूही आहे. टाइप 1 च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा माणसाने व्हिडिओ पाहून इन्सुलिन बंद केलं तर जिवावर बेतेल. म्हणून 'बंद करू नका' ही ओळ अर्धी आहे आणि 'बंद करा' तर लिहायचंच नाही. लिहायला हवं ते हे, की आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या. 'आधी' हा शब्द त्या ओळीचा प्राण आहे.

देवळालीचा_सुनील

आई बरी आहे. गोळी बदलून दिली. 'आधी' हा शब्द त्या रीलमध्ये असता तर ती गेली असती डॉक्टरांकडे, ती तशीच आहे.

टाइमलाइन

कॉलेज रोडला एडिटिंग करतो. शब्द तुम्ही ठरवा, पण ते पडद्यावर कसे बसतात ते बघितल्याशिवाय पक्के करू नका.

उभ्या रीलमध्ये खालचा भाग आपला नसतोच. तिथे चॅनलचं नाव, मथळा येतो आणि उजवीकडे बटणं येतात. डिस्क्लेमर नेहमी तळाला टाकायची सवय टीव्हीवरून आलीय. रीलमध्ये तळाला टाकलेली पाटी मथळ्याखाली गाडली जाते. मी मजकूर चेहऱ्याच्या जरा खाली, मध्याजवळ ठेवतो.

दुसरं म्हणजे ओळ कुठे तुटते ते पाहा. सुनीलभाऊंनी लिहिलेली पाटी मी मुद्दाम फोनच्या रुंदीत लावून बघितली. पहिल्या ओळीत आलं "गोळ्या स्वतःच्या मनाने बंद" आणि दुसऱ्या ओळीत "करू नका". चष्मा नसलेल्या माणसाने वरची ओळ वाचली आणि बोट सरकवलं, तर उलटाच निरोप गेला. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे हे सारखं होतं. आरोग्याच्या मजकुरात मी शक्यतो 'नका' वर अर्थ टांगत नाही. "औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या" ही ओळ कुठेही तुटली तरी उलटी होत नाही.

वेळेचं म्हणाल तर मी स्टॉपवॉच लावून मजकूर मोठ्याने, सावकाश दोनदा वाचतो. तेवढा वेळ पाटी राहिली पाहिजे. नाही बसली तर शब्द कमी करायचे, अक्षर बारीक करायचं नाही. बारीक फॉन्टमध्ये अनुस्वार आणि रफार आधी मरतात.

आणि शब्दपारखी, चार शब्द बसतात, आकडा वेगळ्या पाटीवर घेतला तर.

सिडकोकर

एक शंका. नऊ मिनिटांच्या व्हिडिओत सगळं नीट लिहिलं, पण रील कापताना नेमकं तेच राहिलं तर? मेव्हण्याच्या चॅनलला असंच झालं होतं. मोठ्या व्हिडिओत पाटी होती, रीलमध्ये नव्हती, आणि रीलच जास्त फिरली.

टाइमलाइन

बरोबर पकडलंत. म्हणून मर्यादा वाक्यातच हवी, पाटीवर वेगळी नको. "149 पैकी 68 जण" हे बोलणाऱ्याच्या तोंडी एकाच श्वासात असेल तर मला कापताच येणार नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने दावा आणि मर्यादा यांच्यात पूर्णविराम ठेवला, की कात्री तिथेच चालते.

रविवार_कारंजा

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. सुनीलदादा, तुमचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, मला ती महत्त्वाची वाटली नव्हती. व्हिडिओच्या खाली वर्णनात बाई एका पावडरीची लिंक देणार आहेत. जांभूळ बी, मेथी, गुडमार वगैरेची. त्या स्वतःच विकतात. व्हिडिओत पावडरीचं नावही नाही, फक्त खाली लिंक. यामुळे काही बदलतं का?

मूळकागद

खूपच बदलतं. आतापर्यंत आपण आहाराच्या माहितीबद्दल बोलत होतो. वर 'मधुमेह बरा होतो' आणि खाली पावडरीची लिंक, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात दोन्ही जोडले जाणार. ती जाहिरातच झाली.

1954 चा औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात रोगांची यादी आहे आणि मधुमेह त्यात आहे. यादीतल्या रोगाचं निदान, उपचार, प्रतिबंध किंवा तो बरा करणं, यांसाठी औषधाची जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पावडर आयुर्वेदिक आहे म्हणून सूट मिळत नाही. 'हे औषध नाही, अन्न आहे' म्हटलं, तर अन्नसुरक्षेचे 2018 चे जाहिरातीचे नियम लागतात. तिथेही अन्नपदार्थाने रोग बरा होतो असं म्हणता येत नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद आहेत.

आणि डायरेक्ट अभ्यासात ही पावडर नव्हतीच. तो पुरावा आहाराचा आणि वजन उतरण्याचा आहे. तो पावडरीच्या शेजारी ठेवणं हीच दिशाभूल, मग पाटी कितीही मोठी असो. माझं मत स्पष्ट आहे: या व्हिडिओखाली ती लिंक नको.

शब्दपारखी

थोडं वेगळं बोलते. माझ्या घरी मेथीचं पाणी तीन पिढ्या चालत आलंय. त्याने साखरेला मदत होते असं कुणी म्हणालं तर तोही गुन्हा का? सगळ्या घरगुती गोष्टी गप्प करायच्या का?

मूळकागद

घरात सांगणं वेगळं, विकताना सांगणं वेगळं. मेथीवर लहान लहान अभ्यास झालेत आणि काहींत साखर थोडी कमी झालेली दिसते. "आमच्या घरी मेथीचं पाणी घेतात" हे खरं वाक्य आहे, ते कुणीही बोलावं. त्यापुढे 'मधुमेहावर' आणि त्यापुढे किंमत आली, की ते वाक्य बदललं. मधल्या जागेत, म्हणजे काही विकत नाही पण लाखो लोक बघतात अशा चॅनलवर काय म्हणावं, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

रविवार_कारंजा

चार दिवसांनी लिहितेय. काल बाईंच्या ऑफिसात दोन तास बसले. मूळ अभ्यासाचा सारांश छापून नेला होता. 36 आणि 31 या आकड्यांखाली पेन्सिलने रेघ ओढून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मला हे माहीतच नव्हतं, मी ज्यांचं बघून सांगत होते त्यांनाही नसेल. मला त्यांचं ते म्हणणं प्रामाणिक वाटलं.

आता ठरलेल्या ओळी अशा आहेत.

बोलणं: "ब्रिटनमधल्या एका अभ्यासात टाइप 2 मधुमेह असलेल्या 149 जणांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने खूप कमी उष्मांकाचा आहार घेतला आणि वर्षाअखेर त्यांच्यापैकी 68 जणांची साखर गोळ्यांशिवाय मर्यादेत होती."

त्याच वेळी पडद्यावर: "149 पैकी 68 जण. एका वर्षानंतर."

लगेच पुढे बोलणं: "निदान होऊन सहा वर्षांच्या आतलेच लोक त्यात होते, आणि दुसऱ्या वर्षाअखेर 68 चे 53 झाले."

पडद्यावर: "इन्सुलिन घेणारे या अभ्यासात नव्हते."

आहाराचं पहिलं वाक्य सुरू होण्याआधी, बोलण्यात आणि पडद्यावर दोन्हीकडे: "खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. औषधाचा डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या. तेवढ्याच औषधावर कमी खाल्लं तर साखर धोकादायक खाली जाते." त्यानंतर घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं त्या स्वतः सांगणार आहेत. ते सुनीलदादांमुळे.

मूळकागद

छान झालंय. दोन बदल सुचवते. 'खाली जाते' च्या जागी 'खाली जाऊ शकते' हवं. इथे 'शकते' खरं आहे, कारण प्रत्येक गोळीने तसं होत नाही. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारसा नसतो. दुसरं, त्या लोकांचं सरासरी वजन 100 किलोच्या आसपास होतं आणि जवळपास सगळे गोरे होते. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह होतो. साठ किलोच्या माणसाने 15 किलो उतरवायला घेतले तर दुसरंच संकट उभं राहील. यावर एक वाक्य हवंच.

रविवार_कारंजा

घालते. आता न जमलेलं सांगते. पावडरीची लिंक या व्हिडिओखालून काढायला त्या तयार झाल्या, पण चॅनलच्या मुख्य पानावर ती राहणार. आणि सुरुवातीला 'मी डॉक्टर नाही, आहार सल्लागार आहे' असं म्हणायला त्या तयार नाहीत. लोकांचा विश्वास जाईल म्हणतात. त्यांच्याकडे सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र आहे.

मूळकागद

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या ऑगस्ट 2023 च्या आरोग्यविषयक सूचनांत हे आलंय. आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याने आपली माहिती डॉक्टरच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट सांगायला हवं. 'पाणी प्या, व्यायाम करा' अशा सर्वसाधारण सल्ल्याला सूट आहे, पण हा व्हिडिओ एका रोगाबद्दल आहे. नावाखाली "आहार सल्लागार" एवढी पट्टी तरी पूर्ण वेळ ठेवा. 'डॉ.' सारखं काही नको, गळ्यात स्टेथोस्कोप नको.

टाइमलाइन

पांढरा कोटही नको. पट्टी मी लावून देईन, पैसे नकोत.

सिडकोकर

माझ्या मेव्हण्याच्या जुन्या रीलवर असाच एक आकडा आहे. आता पाटी बदलता येईल का?

टाइमलाइन

चढवलेल्या व्हिडिओवरचा मजकूर बदलत नाही. काढून नव्याने टाकावी लागेल. पिन केलेली कमेंट लिहिता येते, पण ती कितीजण वाचतात? आणि व्हॉट्सअपवर पुढे गेलेली रील तर आपल्या हातात राहतच नाही.

देवळालीचा_सुनील

ती सूपची रील आईच्या फोनमध्ये अजून सेव्ह आहे. मी दोनदा म्हटलं काढून टाकतो. ती म्हणते, राहू दे, त्यात दुधीच्या सूपची कृती चांगली आहे.